साहेबांना किती सांगायचं? घरातलं संकट आणि ऑफिस : तीन तऱ्हा शेजारी शेजारी

घरात कोणी अचानक गंभीर आजारी पडलं किंवा गेलं, की ऑफिसला कळवण्याचं काम पहिल्या काही तासांतच अंगावर येतं. तेव्हा विचार करायला डोकं जागेवर नसतं, म्हणून माणूस हाताला येईल ते लिहून मोकळा होतो. मी बरीच वर्षं खाजगी कंपन्यांत अकाउंट्स विभाग सांभाळला. असे फोन आणि मेसेज माझ्याकडे आले, आणि मीही वरच्यांना केले. त्यात मला तीन तऱ्हा दिसल्या. काही लोक ‘घरगुती कारण’ एवढंच सांगतात. काही जण कारण एका ओळीत सांगतात आणि पुढे कामाचं सविस्तर बोलतात. काही जण सगळंच सांगून टाकतात. माझा कल दुसऱ्या तऱ्हेकडे आहे, पण ती प्रत्येक वेळी लागू पडत नाही. कुठे पडत नाही तेही पुढे येईलच.

एकच प्रसंग तिन्ही तऱ्हांतून नेऊन पाहू, म्हणजे फरक कळेल. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात अकाउंट्स पाहणारी बाई धरा. माहेर सांगलीजवळ. जानेवारीच्या 3 तारखेला, शनिवारी रात्री वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो आणि ती रातोरात निघते. वडील आयसीयूत असतात आणि 9 तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी जातात. धाकटा भाऊ आहे, पण आई एकटी पडली म्हणून ती तेराव्यापर्यंत, म्हणजे 21 तारखेपर्यंत तिथेच राहायचं ठरवते.

आता तिचं टेबल पाहू. 7 तारखेला मागच्या महिन्याचा टीडीएस भरायचा. 11 ला विक्रीचं जीएसटीआर-1, 15 ला पीएफ, 20 ला कर भरायचं जीएसटीआर-3बी. बँकेच्या पेमेंटमध्ये ती ‘मेकर’ आहे, म्हणजे तिने एंट्री टाकल्याशिवाय साहेबांना मंजूर करायला स्क्रीनवर काही येतच नाही. जीएसटीच्या रिटर्नला संचालकांची डिजिटल सही लागते. त्या सहीचा यूएसबी टोकन तिच्या कपाटात आहे आणि किल्ली तिच्या पर्समध्ये, म्हणजे सांगलीत. यातली एकही तारीख तिच्या घरी काय झालंय ते विचारणार नाही. 11 तारखेला रविवार आहे म्हणून पोर्टलही थांबत नाही.

पहिली तऱ्हा : ‘घरगुती कारण’

रविवारी ती मेसेज टाकते : ‘सर, घरगुती अडचण आहे, 2 दिवस येता येणार नाही.’ यात खोटं काहीच नाही. साहेब ‘ओके’ म्हणतात. 2 दिवस म्हणजे बुधवारी ती परत येणार आणि बुधवारीच 7 तारीख, म्हणून टीडीएसचं काम ते कोणाला देत नाहीत. मंगळवारी रात्री दुसरा मेसेज येतो, ‘अजून 2 दिवस लागतील.’ बुधवारी सकाळपासून तिचा फोन वाजायला लागतो. चलनाची वर्किंग शीट कुठे आहे, बँकेत मेकर कोणाला करायचं, टोकनची किल्ली कोणाकडे. ज्या गोष्टीपासून ऑफिसला लांब ठेवायचं होतं, त्याच गोष्टीच्या मध्यावर ऑफिस येऊन बसतं. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून ती पासवर्ड सांगत असते.

दुसरी अडचण साहेबांच्या डोक्यात तयार होते. ‘घरगुती कारण’ हा शब्द आपल्याकडे इतका वापरून गुळगुळीत झाला आहे की दोन वेळा वाढवलेल्या सुट्टीचा अर्थ बहुतेक साहेब एकच लावतात : इंटरव्ह्यू चालू आहेत. ते तोंडावर विचारत नाहीत, पण मनात नोंद करतात. नंतर खरं कारण कळलं की त्यांनाच वाईट वाटतं, आणि मग ‘आधी सांगितलं का नाही’ हा प्रश्न तिच्याच गळ्यात पडतो.

तरी ही तऱ्हा मी टाकाऊ मानत नाही. सुट्टी एक-दोन दिवसांची असेल, तुमच्या नावावर तारखेचं काम नसेल आणि परतायचा दिवस पक्का असेल, तर यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. शिल्लक किरकोळ रजा त्यासाठीच असते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 किरकोळ रजा आहेत. आणि गोष्ट मुळात तुमची नसेल, म्हणजे बहिणीचा गर्भपात किंवा भावाचं व्यसन, तर ती तुमच्या साहेबांपर्यंत नेण्याचा हक्क तुम्हालाही पूर्ण नाही. तिथे ‘घरातल्या एकाची तब्येत’ पुरे.

एक पळवाट मात्र साफ टाळावी. वडिलांच्या आजारपणात स्वतःच्या नावाचं मेडिकल सर्टिफिकेट लावून आजारपणाची रजा घेणं. ओळखीचे डॉक्टर देतात आणि पुष्कळ जण लावतातही. पण आजारपणाची रजा सहसा स्वतःच्या आजारासाठी असते आणि खोटं सर्टिफिकेट ही शिस्तभंगाची बाब ठरते. वडील गेल्यावर कारण आपोआप बाहेर येतं. तेव्हा आठवडाभरापूर्वीचं तुमच्या ‘व्हायरल फीव्हर’चं सर्टिफिकेट फाइलमध्ये तसंच असतं.

तिसरी तऱ्हा : सगळंच

दुसरीआधी तिसरी घेतो, कारण दुसरीची खरी किंमत या दोन्हींच्या मधे ठेवल्यावरच कळते.

रविवारी रात्री साहेबांचाच फोन येतो. माणूस चांगला आहे, आपुलकीने विचारतो. आदल्या रात्रीपासून झोप नसलेली ही बाई बोलत जाते. झटका कसा आला, डॉक्टर 72 तास काही सांगता येणार नाही म्हणालेत, हॉस्पिटलच्या बिलावरून भावाशी वाजलंय, पर्सनल लोन काढावं लागेल, आईला एकटं कसं ठेवायचं, कदाचित आता सांगलीलाच शिफ्ट व्हावं लागेल. बोलून तिला हलकं वाटतं, आणि त्या रात्री त्याची गरजही असते.

साहेबांच्या कानात मात्र शेवटचं वाक्य राहतं. ते तिच्या दृष्टीने रात्री अकराला मनात आलेला एक विचार आहे, त्यांच्या दृष्टीने येऊ घातलेला राजीनामा. पुढच्या महिन्यात ते एका ज्युनिअरला तिच्या कामात तयार करू लागतात. वर्षअखेरच्या ऑडिटची जबाबदारी दुसऱ्याला देतात, ‘तिच्या डोक्याला आधीच खूप ताप आहे’ म्हणून. यात आकस अजिबात नाही. जास्त सांगण्याचं नुकसान बहुतेक वेळा दुष्टपणातून होत नाही, ते दयेतून होतं. तुमच्या वतीने कोणीतरी ठरवतं की तुम्हाला आत्ता मोठं काम झेपणार नाही, आणि ते तुम्हाला न विचारता ठरवतं. एप्रिलमध्ये अप्रेझलच्या वेळी वर्षभरात तुम्ही काय मोठं केलं हा रकाना रिकामा असतो. का रिकामा आहे हे तोवर सगळे विसरलेले असतात.

शिवाय सांगितलेली गोष्ट एका जागी राहत नाही. साहेबांनाही त्यांच्या साहेबांना कारण द्यावं लागतं. आयटीत ग्राहकाच्या प्रोजेक्टवर तुमचे तास बिल होत असतील, तर तुम्ही नसल्याचं कारण ग्राहकाच्या मॅनेजरपर्यंतही जातं. एका फोनवर सांगितलेलं कर्ज आणि भावाशी झालेलं भांडण तीन-चार तोंडांतून फिरून परत कानावर येतं.

मग सगळं कधी सांगायचं? नियमात नसलेलं काही मागायचं असेल तेव्हा. शिल्लक रजा वापरायला परवानगी लागते, पुरावे लागत नाहीत. पण तीन महिने सांगलीहून काम करायचं आहे, 2 महिन्यांची बिनपगारी रजा हवी आहे, पगाराची उचल हवी आहे किंवा बँकेत, सरकारी नोकरीत घराजवळ बदली मागायची आहे, तर ‘घरगुती अडचण’ चालत नाही. निर्णय घेणाऱ्याला वरच्याकडे कागद न्यावा लागतो. त्या कागदावर आजाराचं नाव, हॉस्पिटलचं पत्र, घरात दुसरं कोणी नाही हे सगळं लागतं. जितकं मागाल तितकं सांगावं लागेल, हा व्यवहार आहे. फक्त तो रात्री फोनवर करू नये. काय मागायचं ते ठरल्यावर, दिवसा, लेखी करावा.

दुसरी तऱ्हा : कारण एका ओळीत, कामाचं सविस्तर

रविवारी सकाळी बस स्टँडवरून किंवा हॉस्पिटलच्या पायरीवरून जाऊ शकेल असा मेसेज हा :

‘सर, वडिलांना काल रात्री झटका आला, सांगलीत आयसीयूत आहेत. मी इथेच आहे. किती दिवस लागतील आत्ता सांगता येत नाही, पण या आठवड्यात मी नाही असंच धरा. बुधवारी टीडीएस आहे. वर्किंग शीट कॉमन फोल्डरमध्ये आहे, दोन पार्टींचे पॅन तपासायचे बाकी आहेत. बँकेत उद्याच दुसऱ्या कोणाला मेकर करावं लागेल. डिजिटल सहीचा टोकन माझ्या कपाटात आहे, दुसरी किल्ली अॅडमिनकडे आहे. 11 च्या रिटर्नचं गुरुवारी संध्याकाळी कळवते. फोन सायलेंटवर असेल, संध्याकाळी 7 नंतर मेसेज बघेन. टीममध्ये वडील आजारी आहेत एवढंच सांगा.’

यात वडिलांबद्दल एक वाक्य आहे आणि कामाबद्दल सात-आठ. पहिल्यांदा वाचताना हे कोरडं वाटेल. पण साहेबांना आता ठरवता येतं. ‘या आठवड्यात मी नाही असंच धरा’ हे वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. आपल्याला आशा असते, म्हणून आपण ‘बहुतेक बुधवारपर्यंत येईन’ लिहितो. त्या ‘बहुतेक’वर समोरचा काम अडवून बसतो. जास्त दिवस धरून लवकर परतलात तर कोणाचं काही अडत नाही. दर दोन दिवसांनी मुदत वाढवत गेलात तर अडतं.

‘गुरुवारी संध्याकाळी कळवते’ याने मधले फोन थांबतात. पुढचा शब्द कधी मिळणार हे माहीत असलं की माणसं थांबतात, नसलं की दर तीन तासांनी ‘कसे आहेत बाबा?’ विचारतात. त्या प्रश्नाच्या मागे बऱ्याचदा दुसराच प्रश्न असतो आणि तो विचारायची त्यांना लाज वाटते.

शेवटच्या ओळीकडेही लक्ष द्या. टीमला काय सांगायचं हे तुम्ही नाही सांगितलं तर साहेब त्यांच्या मनाने ठरवतील. वडील गेल्यावर ही ओळ आणखी महत्त्वाची होते, कारण एका फॉरवर्डने ऑफिसच्या ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. चाळीस जणांचे हात जोडलेले इमोजी कोणाला आधार देतात, कोणाला अंगावर येतात. भेटायला येण्याचंही तसंच. आपल्याकडे सहकारी घरी भेटायला येतात. ती चांगली रीत आहे, पण चाकणहून सांगलीला गाडी करून सहा जण आले तर त्यांच्या चहापाण्याचं कोण बघणार? ‘भेटायला येऊ नका, परत आल्यावर बोलू’ असं लिहिलं तर कोणी वाईट मानून घेत नाही.

9 तारखेला वडील गेल्यावर दुसरा मेसेज तीन ओळींचा पुरतो. बाबा संध्याकाळी गेले. तेरावं 21 ला आहे, 22 ला गुरुवारी कामावर येते. 20 च्या 3बीसाठी दुसरी व्यवस्था करावी लागेल, खरेदीच्या क्रेडिटचा ताळा 14 तारखेनंतर कोणीतरी घालावा. साहेबांना 14 का ते कळतं. त्या दिवशी पोर्टलवर 2बी, म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटचं विवरण तयार होतं, त्याआधी ताळा लागत नाही. दुखवट्याच्या मेसेजमध्ये 2बी शोभत नाही असं वाटणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की 3बी उशिरा गेलं तर दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर 18 टक्के दराने व्याज लागतं. आणि विक्रीचं जीएसटीआर-1 चुकलं तर ग्राहकाला त्याचं क्रेडिट दिसत नाही आणि तो पेमेंट अडवतो. तेव्हा येणारा फोन बाराव्याच्या दिवशीच येईल.

रजेचा हिशोबही इथेच मांडून टाकावा. मृत्यूनंतरची वेगळी पगारी रजा महाराष्ट्राच्या या कायद्यात नाही. ती कंपनीच्या धोरणात असली तर असते, बऱ्याच ठिकाणी 3 ते 5 दिवस. आपल्याकडचं तेरावं त्यात बसत नाही हे उघड आहे. आपल्या उदाहरणात 4 ते 21 हे 18 दिवस, त्यात 3 रविवार. उरले 15 : दुखवट्याचे 3, किरकोळ 4, अर्जित 8. हे तिने स्वतः लिहून पाठवलं तर एचआर फक्त मंजूर करतं. नाही लिहिलं तर पगाराच्या स्लिपवर काही दिवस बिनपगारी दिसतात आणि ते दुरुस्त करायला पुन्हा सगळी गोष्ट सांगावी लागते, यावेळी पगार विभागातल्या अनोळखी मुलाला.

धोरणातली ‘जवळच्या नातेवाइकां’ची व्याख्या आधी वाचा. आई-वडील, जोडीदार आणि मुलं बहुतेक ठिकाणी असतात. सासू-सासरे कधी असतात, कधी नसतात. आजी, किंवा ज्यांनी लहानाचं मोठं केलं ते काका, क्वचितच. व्याख्येत न बसणाऱ्या नात्यासाठी एक वाक्य जास्त सांगणं फायद्याचं ठरतं. ‘काका वारले’ यावर साहेब एक दिवस धरतात, ‘माझं शिक्षण ज्यांनी केलं ते काका वारले’ यावर वेगळा विचार करतात.

सरकारी नोकरीत हा सगळा मामला थोडा सोपा आहे. रजेचे प्रकार नियमांत बांधलेले आहेत, अर्जित, किरकोळ, अर्धवेतनी. अर्ज गेला, शिल्लक असली, की साहेबांच्या मर्जीला जागा कमी उरते, म्हणून सांगण्याची गरजही कमी पडते.

परत आल्यानंतरचे 2 महिने

इथे बहुतेक जण फसतात, आणि इथेच मला तिन्ही तऱ्हांतला फरक सगळ्यात ठळक दिसतो. तेराव्यापर्यंत सगळे समजून घेतात. 22 तारखेला ती टेबलावर बसली की सगळ्यांच्या मते प्रकरण संपलं. तिच्यासाठी तेव्हा दोन गोष्टी सुरू होतात.

पहिली, कागदपत्रं. मृत्यू दाखला, बँकेत वारसदाराचा क्लेम, एलआयसी, आईचं कुटुंब निवृत्तिवेतन, सातबाऱ्यावर वारस नोंद. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरून करता येतो, पण बँकेच्या शाखेत आईला घेऊन जावंच लागतं, तेही कामाच्या दिवशी. दर वेळी एक दिवस मागत राहिलं की पाचव्या वेळी साहेबांच्या चेहऱ्यावर ‘अजून?’ उमटतं. पहिल्याच आठवड्यात ‘पुढचे 3 महिने मला महिन्यातून दोन दिवस सांगलीला जावं लागेल, 7, 11, 15 आणि 20 या तारखा टाळून’ असं एकदाच सांगितलं तर ते वेळापत्रक होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चुका. लक्ष लागत नाही. आकडा उलटा पडतो, एका पार्टीचं पेमेंट दोनदा जातं, मेल वाचून उत्तर द्यायचं राहतं. हे बहुतेकांना होतं आणि बहुतेक जण लपवतात. पहिल्या तऱ्हेच्या माणसाला इथे काही सांगताच येत नाही, कारण आधी काही सांगितलेलंच नसतं. चूक सापडल्यावर ‘अहो, माझे वडील गेले’ म्हणणं ऐकणाऱ्याला सबब वाटतं, अगदी खरं असलं तरी. तिसऱ्या तऱ्हेचा माणूस ‘मला काही सुचत नाहीये’ म्हणतो. त्यावर साहेब एकतर धीर देतात किंवा काम काढून घेतात.

दुसऱ्या तऱ्हेचं वाक्य असं असेल : ‘सर, पुढचे 2 महिने माझ्या प्रत्येक चलनावर आणि 50 हजारांवरच्या पेमेंटवर दुसऱ्या कोणाची तरी नजर फिरू द्या. काम मीच करते, फक्त तपासणी असू द्या. मार्चअखेरचं ऑडिट माझ्याकडेच ठेवा.’ यात तिने मनःस्थितीबद्दल एक शब्द काढलेला नाही, पण साहेबांना धोका कुठे आहे ते कळलं आणि त्यावर उपायही हातात मिळाला. शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. दयेपोटी काढून घेतलं जाणारं काम आधीच नाव घेऊन धरून ठेवायचं.

जिथे तारीख नाही, आणि जिथे लोक बोलतात

मृत्यूला तारीख असते आणि समाजाची मान्यताही असते. लांबणाऱ्या आजारपणाला दोन्ही नसतात. आईला स्मृतिभ्रंश झालाय, सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा आहे, तर रोजचं रडगाणं सांगून उपयोग नाही आणि काही न सांगूनही नाही. तिथे आजार कमी सांगा, पण आठवड्याची घडी सांगा. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी 8 ते 12 मी नाही, त्याबदल्यात संध्याकाळी 8 पर्यंत आहे. तीन महिन्यांनी पुन्हा बोलू. आजार कसा वाढतोय याची माहिती दर आठवड्याला मागितली जाऊ नये, यासाठी ‘तीन महिन्यांनी’ हा शब्द कामाला येतो.

आत्महत्या, घटस्फोट, व्यसन, पोलिस केस, अशा गोष्टींत दुसऱ्या तऱ्हेतली कारणाची ओळ आणखी लहान करता येते. ‘अचानक निधन’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. कसं, हे विचारणाऱ्याला ‘त्याबद्दल आत्ता बोलवत नाही’ म्हणून थांबवता येतं. कौटुंबिक न्यायालयाच्या तारखेसाठी ‘कोर्टाचं काम’ पुरतं, आपल्याकडे कोर्टाचं काम जमिनीचंही असतं. कामाचा भाग मात्र तेवढाच सविस्तर ठेवायचा, तो आखडता घेतला की पुन्हा पहिल्या तऱ्हेच्या अडचणी सुरू होतात.

याला एक ठळक अपवाद आहे. नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडलं असेल आणि तो ऑफिसच्या गेटवर येण्याची शक्यता असेल, तर गुप्तता महाग पडते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या, 2005 च्या, कलम 18 खाली मिळणाऱ्या संरक्षण आदेशात त्याला तुमच्या कामाच्या जागी यायला मनाई करता येते. पण तो आदेश गेटवरच्या सुरक्षारक्षकाला माहीत नसेल तर कागदावरच राहतो. इथे एचआर आणि सिक्युरिटीला स्पष्ट सांगा, आदेशाची प्रत आणि नवऱ्याचा फोटो द्या. साहेबांना सविस्तर न सांगितलं तरी चालेल.

साहेब की एचआर?

साहेबांना सांगायला जड जातं म्हणून एचआरला सांगावं असं पुष्कळांना वाटतं. रजेचे नियम, विमा, उचल यासाठी एचआर बरोबर आहे. पण ते तुमचे डॉक्टर किंवा वकील नव्हेत, ते कंपनीची नोकरी करतात आणि गरज पडली तर साहेबांशी बोलतात. 7 तारखेचं चलन कोण भरणार हे तर एचआर ठरवूच शकत नाही. उलट एक गोष्ट लक्षात असू द्या. वडील कंपनीच्या ग्रुप विम्यात असतील आणि कॅशलेस क्लेम केला असेल, तर विमा बघणाऱ्या एचआरच्या टेबलाला अॅडमिशनची खबर बऱ्याचदा साहेबांच्या आधी लागते. त्या परिस्थितीत साहेबांना ‘गावी काम आहे’ सांगणं धोक्याचं आहे.

अमेरिकेत असलेल्या मराठी मंडळींसाठी हे गणित उलटं आहे. तिथल्या एफएमएलए कायद्याखाली, पात्र असाल तर, आई-वडिलांच्या गंभीर आजारासाठी वर्षात 12 आठवडे बिनपगारी रजा मिळते. पण नुसत्या ‘पर्सनल रीझन’ने ती लागू होत नाही. गंभीर आजार आहे हे एचआरला कळावं लागतं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. त्यात सासू-सासरे धरलेले नाहीत, आणि मृत्यूनंतरच्या दुखवट्यासाठी तो कायदाच नाही. म्हणजे वडील आयसीयूत असताना सविस्तर सांगण्यात फायदा आहे. ते गेल्यानंतरचे दिवस मात्र तिथेही बहुतेक राज्यांत कंपनीच्या धोरणावरच अवलंबून असतात.

राहिला लेखी नोंदीचा प्रश्न. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं घाईत ठीक आहे, पण परतल्यावर त्याच आठवड्यात तारखा, रजेचे प्रकार आणि पुढच्या 3 महिन्यांची व्यवस्था एका मेलमध्ये घाला. समजूतदार साहेब बदलून जातात. नवीन साहेबांना फेब्रुवारीतली घसरण दिसते, जानेवारी दिसत नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यावर एकच वाक्य लिहावं : ‘जानेवारीत वडिलांच्या निधनामुळे 15 दिवस रजेवर होते, त्या काळातली सर्व रिटर्न मुदतीत गेली, त्याची व्यवस्था 4 तारखेपासूनच वेळोवेळी कळवली होती.’ आणि खाली त्या मेलची तारीख.